तुला काही होणार नाही

तुताईच्या लघवीत रक्त आहे असं कळलं, तेव्हा तो हसला होता. कुठलं रक्त? साधी पिवळी लघवी. पण कागदी पट्टी बुडवली की ती हिरवी व्हायची, आणि सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी दिसायच्या.

एरवी कुणी त्याची लघवी तपासलीही नसती. तेवीस वर्षांचा दांडगा गडी, टोकोरोआ गावातल्या कागद गिरणीत कामाला, शनिवारी रग्बी. पण त्याला मूत्रपिंड द्यायचं होतं. बाबांना.

तेआरिकीबाबांची दोन्ही मूत्रपिंडं साखरेनं खाल्ली होती. आठवड्यातून तीनदा गाडी त्यांना हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात न्यायची, तिथे रक्त गाळणाऱ्या यंत्राला जोडायचे, आणि संध्याकाळी गाडी त्यांना पिळलेल्या फडक्यासारखं घरी आणून सोडायची. नारळाचं दूध बंद, तारोचा कंद बंद, केळी बंद, पाणीसुद्धा मोजून. कुक बेटांवरच्या माणसाचं तारो बंद केलंत, तर त्याचं उरलं काय? आणि आता हृदयही थकत चाललं होतं. हॉस्पिटलातल्या डॉक्टर बार्कलीबाईंनी साफ सांगितलं होतं, "मूत्रपिंडाच्या यादीवर थांबायला यांच्याकडे वेळ नाही. घरातल्या कुणी दिलं आणि लवकर दिलं, तरच. हृदय आणखी खालावलं की आम्ही शस्त्रक्रियाच करू शकणार नाही."

आईलाही साखर, म्हणजे ती बाद. राहिले दोन मुलगे, तुताई आणि धाकटा तेइना. थोरल्याचा मान पहिला.

पहिल्या तपासणीत रक्त निघालं. "रग्बीत आपटला असशील, थोडे दिवस खेळ थांबव," बाई म्हणाल्या. थांबवला. पुन्हा रक्त. "अजून एकदा बघू," बाई म्हणाल्या. आता तिसऱ्यांदाही निघालं, तर संपलं!

माणूस घाबरला की त्याचं डोकं गहाण पडतं. तपासणीच्या दिवशी सकाळी तो बाटली घेऊन तेइनापुढे उभा राहिला.

"तुझी दे."

"काय?"

"लघवी रे, मूर्खा. तुला कधी काही झालंय का? सर्दीसुद्धा नाही. एवढी एक तपासणी पार पडली की झालं."

तेइना न्हाणीघरात गेला तो खो खो हसतच. आतूनच ओरडला, "दादा, मस्त गरम आहे, चहासारखी! साखर घालू का?"

"साखर घातलीस तर दोघंही मेलो! हळू बोल, आई ऐकेल."

"अरे, शुद्ध सोनं आहे हे. जपून ने."

ते शुद्ध सोनं तुताईनं काखेत धरून हॅमिल्टनपर्यंत नेलं, म्हणजे गार होऊ नये. हॉस्पिटलच्या संडासात आपल्या बाटलीत ओतलं. बाहेर येताना त्याला वाटलं, झालं, बाबा वाचले.

पुढच्या भेटीत बार्कलीबाईंनी कागद पुढे ठेवला. "तुताई, पुन्हा रक्त आहे. आता सुई घालून मूत्रपिंडाचा तुकडा बघावा लागेल."

तुताईनं कागद जवळ ओढला. हे रक्त त्याचं नव्हतंच. तेइनाचं होतं!

गप्प बसता आलं असतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे यंत्राला जोडलेले बाबा आले, आणि त्यांच्या जागी एकोणीस वर्षांचा तेइना. पोराला तेच लागलं असेल तर? गेला खड्ड्यात माझा मान.

"बाई, ती माझी नव्हती," तो म्हणाला. "भावाची होती. मी लबाडी केली. मला काय बोलायचं ते बोला, पण त्याला बघा आधी. त्याला काय झालंय?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "देवा! असं करतात का कुणी?" मग त्यांचा आवाज बदलला. "थांब. धाकट्यालाही रक्त? आणि आईला?"

आईची तपासली. तिच्याही लघवीत रक्त. आई शरमून म्हणाली, "तुताईच्या वेळी दवाखान्यात म्हणाले होते रक्त आहे म्हणून. मला वाटलं, बाळंतपणाचं असेल. पुन्हा कुणी विचारलंच नाही."

मग तुताईच्या पाठीतून सुई गेली. तो तुकडा मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. सगळं झाल्यावर बाईंनी मायलेकांना समोर बसवलं. त्या चक्क हसत होत्या.

"मूत्रपिंडात रक्त गाळणारा एक पडदा असतो. तुमच्या घरात तो जन्मापासून पातळ आहे, नेहमीच्या निम्माच. त्यातून चार लाल पेशी निसटतात, बस्स. तेइनाचंही तेच दिसतंय. लघवीत प्रथिनं नाहीत, रक्तदाब चांगला, मूत्रपिंडं उत्तम चालतात. औषधसुद्धा नको. वर्षाकाठी एकदा तपासून घ्या. तुताई, तुला काही होणार नाही. ऐंशी वर्षांचा म्हातारा होशील."

आईनं हात जोडून देवाचे आभार मानले. तुताई पुढे सरकला.

"मग उत्तमच आहेत ना? काढा की एक!"

बाईंचं हसू गेलं. "दोन असताना तो पडदा आयुष्यभर पुरतो. एकट्यावर सगळा भार टाकला, तर पुढची पन्नास वर्षं काय होईल, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. तू पन्नाशी ओलांडलेला असतास आणि सगळं असंच ठणठणीत असतं, तर विचार केला असता. तेविसाव्या वर्षी नाही."

"आणि तेइना?"

"तो तर तुझ्याहूनही लहान."

"मी सही करून देतो. माझं मी बघेन!"

"पण सुरी माझ्या हातात देशील ना?" बाई हळूच म्हणाल्या. "नाही रे, बाळा."

तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. परतीच्या वाटेत आई रडायला लागली. "माझंच दिलेलं हे. मीच दोघांच्या अंगात घातलं. माझ्या पोटात ते नसतं, तर तुम्ही त्यांना वाचवलं असतं." तुताईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. बाहेर पाइनची झाडं मागे पळत होती.

बाबांना सांगायचं काम थोरल्याचं. दुसऱ्या दिवशी ते यंत्राला जोडलेले असताना तो शेजारी बसला. त्यांचं रक्त नळीतून जाडजूड गाळणीत जात होतं आणि दुसऱ्या नळीनं परत येत होतं. त्यानं सगळं सांगितलं, काखेतल्या बाटलीसकट.

बाबा हसता हसता खोकायला लागले. "काखेत? अरे गाढवा! आणि मला सांग, तुला काही होणार नाही ना? नक्की?"

"नाही, बाबा."

"तेइनाला?"

"नाही."

बाबांनी डोळे मिटले. देवाचं नाव घेताना ओठ हलले. मग मोकळ्या हातानं त्यांनी नर्सला बोलावलं आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं ओरडले, "बाई, ऐकलंत का! माझ्या पोरांना काही नाही! दोघंही ठणठणीत! मला वाटलं होतं, माझंच दुखणं लागलं त्यांना." पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीनं अंगठा वर केला. नर्सनं तुताईचं अभिनंदन केलं.

तुताई हसला. हसावंच लागलं.

"आता खेळायला लाग शनिवारपासून," बाबा म्हणाले. "मी येईन बघायला. या मोसमात तरी येईन."

पुढच्या मोसमाचं ते काही बोलले नाहीत, आणि तुताईनंही विचारलं नाही. त्यांचे ओठ सुकले होते. तुताईनं पेल्यातला बर्फाचा एक खडा त्यांच्या जिभेवर ठेवला. एकच, कारण दुसऱ्याची परवानगी नव्हती. मग पाठीत सुई गेली होती त्या जागेवर हात दाबून, आपल्या दोन्ही चांगल्या मूत्रपिंडांसकट, तो यंत्र थांबायची वाट बघत बसला.