कॅटलॉगचं शेवटचं पान

पंढरीशेठ म्हात्र्यांना वेबसाइट हवी होती, आणि तीही दिल्लीच्या प्रदर्शनाच्या आत. शीळफाट्याकडची वडिलोपार्जित जमीन विकून त्यांनी वागळे इस्टेटमध्ये व्हॉल्व्हचा कारखाना टाकला होता आणि तो नेटाने चालवलाही होता. पण नव्याण्णव साली गुजरातचे लोक निम्म्या भावात व्हॉल्व्ह विकायला लागले, तसं शेठना वाटायला लागलं की आता गिऱ्हाईक इंटरनेटवरूनच येणार.

हे काम सुमती गोखलेकडे आलं. डोंबिवलीची सुमती, इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा झालेली. एका क्लासमध्ये एचटीएमएल शिकून तिने दोन डॉक्टरांच्या आणि एका मंगल कार्यालयाच्या साइट केल्या होत्या. कारखान्याची ही पहिलीच.

कामाचा आराखडा सोपा होता. प्रत्येक व्हॉल्व्हला एक पान, त्यावर फोटो, मापं, धातू, कमाल दाब, कमाल तापमान. छापील कॅटलॉग स्कॅन करून पीडीएफ करायचा, म्हणजे ज्याला हवा तो उतरवून घेईल. आणि शेवटी भाव मागवायचा फॉर्म: कंपनीचं नाव, फोन, फॅक्स, व्हॉल्व्हचा नंबर, साइझ, नग, आत काय वाहणार, किती दाबाने, किती तापमानाला. फॉर्म भरून बटण दाबलं की अमेरिकेतल्या सर्व्हरवरचा छोटा प्रोग्रॅम तो ई-मेल करून कारखान्यात पाठवणार, आणि ऑफिसातून भाव फॅक्सने जाणार. चाचणीपुरती त्या ई-मेलची एक प्रत सुमतीने स्वतःच्या पत्त्यावरही लावून ठेवली होती.

शेठ शेजारी खुर्ची ओढून बसले. मोडेम किंचाळला, लाइन लागली आणि कॅटलॉग उतरायला लागला. चहा आला, पिऊन झाला, तरी तो उतरतच होता.

"अगं, एवढ्यात गिऱ्हाईक जेवून झोपून उठेल," शेठ म्हणाले. "पानं कमी कर."

"कुठली कमी करू?"

शेठनी छापील कॅटलॉग हातात घेतला, मागून उलटला. शेवटच्या पानावर बारीक आकड्यांचा तक्ता होता. तापमान वाढलं की कुठला व्हॉल्व्ह किती दाब सोसतो, त्याचा. "हे काढ. स्कॅनमध्ये वाचताही येत नाही. ज्याला पाहिजे तो फोन करेल."

"शेठ, तक्ता महत्त्वाचा आहे. आतली सीट टेफ्लॉनची आहे ना, गरम झाली की ती मऊ पडते."

"मला शिकवते काय? मी बनवलेले ते व्हॉल्व्ह." ते हसले. "बाकीची माहिती आहे ना पानावर? बास झालं. आणि फॉर्ममध्ये दाब, तापमान सक्तीचं नको करू. लांबलचक फॉर्म बघून माणूस पळतो."

सुमतीने तक्ता काढला. प्रदर्शन तोंडावर होतं, तिला पुढचं काम मिळायचं होतं. तो तक्ता चित्र न ठेवता साधा टाइप करून टाकला असता, तर पानाचं वजन नावापुरतं वाढलं असतं. दुपारभर बसून होणारं काम. ते तिला तेव्हाच सुचलं होतं, आणि नंतर करू म्हणून तिने ते बाजूला ठेवलं.

साइट चालली. वापी, अंकलेश्वर, रोहा, कुठून कुठून भाव मागितले जाऊ लागले. शेठनी सगळ्यांना पेढे वाटले.

दिवाळीनंतर डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रंगद्रव्याच्या कारखान्यात अपघात झाला. तिथे बंद भांड्यात, म्हणजे रिॲक्टरमध्ये, अमोनिया घालून ऊन माल उच्च दाबाखाली शिजवत. त्याच्या नळीवरचा नवा व्हॉल्व्ह फुटला आणि सगळा उकळता फवारा ऑपरेटरच्या तोंडावर आला. गोमाजी कोळी त्याचं नाव. सुमतीने ते पेपरात वाचलं, आणि वाचतानाच शेठचा फोन आला.

"व्हॉल्व्ह आपला आहे," ते म्हणाले. "त्यांच्या पर्चेसवाल्याने साइटवर बघूनच मागवला. कमाल दाब चाळीस बार, कमाल तापमान एकशे ऐंशी अंश. त्यांचं दोन्ही त्याच्या आत बसत होतं."

सुमतीने छापील कॅटलॉगचं शेवटचं पान उघडलं. चाळीसचा दाब तो व्हॉल्व्ह गार असतानाच सोसायचा. एकशे ऐंशीला जेमतेम दहा. दोन्ही आकडे खरे होते, फक्त एकाच वेळी खरे नव्हते, आणि ते सांगणारं हे एकच पान साइटवर नव्हतं. फॉर्मवर तापमानाची जागा त्या माणसाने रिकामी सोडली होती. ऑफिसातून कुणी विचारलं नव्हतं, भाव मात्र गेला होता.

"सुमती, तो तक्ता आत्ता चढव. आजच्या आज."

"चढवते. पण वर लिहीन, की हा तक्ता आज जोडला, आधी साइटवरच्या कॅटलॉगमध्ये नव्हता. ज्यांनी आधी उतरवून घेतलंय, त्यांना कळायला हवं."

शेठ म्हणाले, "चाळीस घरं चालतात माझ्यावर. तू ते लिहू नको."

तिने तक्ता टाइप केला, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत, आणि वर ती ओळही टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी साइट उघडली तर तक्ता होता, ओळ नव्हती. पासवर्ड शेठकडेही होता.

ती इस्पितळात गेली. गोमाजीच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. त्याची बायको जनाबाई बाहेर बाकावर बसली होती, पदराने डबा पुसत.

"तू कंपनीची हायेस का?" तिने विचारलं.

"नाही. व्हॉल्व्ह ज्यांनी बनवला, त्यांचं कॉम्प्युटरचं काम मी केलं."

जनाबाईला त्यातलं काही कळलं नाही. "डॉक्टर बोलतो, दोनी डोळं गेलं. कंपनीवालं बोलतात, यानंच चुकीचा खोलला. याला तं खाडीतली भरती बी वासावरून कलाची, हा चुकीचा कसा खोलंल?"

सुमतीला म्हणायचं होतं, त्याची काही चूक नव्हती, आणि ती ते म्हणाली. जनाबाईने तिच्याकडे बघितलं. "मंग हे त्यांना जाऊन सांग ना, बाई. मना सांगून काय?"

सुमती कारखाना निरीक्षकाच्या कार्यालयात गेली. जुनं पान तिच्या मशीनमध्ये होतं, त्याचा छापील कागद तिने पुढे ठेवला. साहेबांनी तो उलटून पाहिला. "कॉम्प्युटरवरचा कागद काय, आज कसाही छापता येतो. म्हात्र्यांच्या साइटवर तर तक्ता आहे, आम्ही बघितला." तिने जबाब लिहून दिला. त्यांनी तो फायलीत लावला. पुढे प्रकरण मिटलं तेव्हा निष्कर्षात ऑपरेटरचा निष्काळजीपणा असंच लिहिलं गेलं. पर्चेसवाल्याची बदली झाली. शेठनी सुमतीला पुन्हा काम दिलं नाही, आणि वर्तकनगरात समोरासमोर आले तेव्हा मान खाली घालून गेले.

पण ते सगळं नंतर. निरीक्षकाच्या कार्यालयातून ती घरी आली आणि मेल उघडून बसली. चाचणीची प्रत तिने कधीच बंद केली नव्हती. भाव मागणाऱ्या प्रत्येक कंपनीचं नाव आणि फोन तिथे होता. तिने पहिला नंबर फिरवला.

"म्हात्रे व्हॉल्व्हच्या साइटवर तुम्ही भाव मागितला होता," ती म्हणाली. "माल घेतलात का? कुठे बसवलाय?"

काहींनी घेतलाच नव्हता. काहींच्या नळीत गार पाणी वाहत होतं. एकाने तिला गुजरातवाल्यांची एजंट समजून शिव्या दिल्या. मग अंकलेश्वरचा एक मेंटेनन्सवाला लागला.

"बसवलाय. रिॲक्टरवर."

"तापमान किती? दाब किती?"

त्याने दोन्ही सांगितले. सुमतीने तक्त्यातली ओळ वाचून दाखवली, आणि मग पुन्हा एकदा, हळू. पलीकडून मशीनची घरघर ऐकू येत होती.

"साहेब, ऐकताय ना? आत्ता त्याच्याजवळ कोण उभं आहे?"

रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला, आणि तो कुणाला तरी ओरडून हाका मारत पळत गेला. सुमती फोन कानाला लावून बसून राहिली.