फ्रेमवाल्याचा परत आलेला चेक

एका पत्राला ग्रंथोबांनी उत्तर दिलं नव्हतं, आणि ते पत्र आता त्यांच्याकडे राहायलाच आलं होतं. ऑफिसातून निघताना ते खणात ठेवून कुलूप लावलं, तरी घरी जेवायला बसलं की त्यातली वाक्यं ताटाशेजारी येऊन बसत. पुस्तक उघडलं तर दोन पानांनंतर छापलेल्या ओळींच्या मधून तेच वाकडं अक्षर डोकं वर काढी.

'तुमचं पत्र ह्यांच्या नावाने आलं,' त्या बाईंनी लिहिलं होतं. 'हे जाऊन महिना उलटला. खात्यात पुरेसे पैसे नसल्याने चेक परत आला असं तुम्ही लिहिता. मी पासबुक पाहिलं. त्यात पैसे आहेत. मग ह्यांचं आणखी कुठे खातं होतं का? माझे दीर तुमचं पत्र सगळ्यांना दाखवतात आणि म्हणतात, बघा, दादाने बुडवायचंच ठरवलं होतं. ह्यांनी माझ्यापासून काही लपवलं असेल तर तेही लिहा. जे खरं असेल ते लिहा. दोन ओळी पुरेत.'

दोन ओळी! ग्रंथोबांनी उभा जन्म पत्रं लिहिण्यात घालवला होता. काचेच्या आणि फ्रेमच्या लाकडी पट्ट्यांच्या त्या घाऊक दुकानात हिशेबाची आणि पत्रांची बाजू त्यांच्याकडे होती. जेवणाच्या सुट्टीत ते पुस्तकात तोंड घालून बसत, म्हणून गोदामातल्या मुकादमाने त्यांना हे नाव दिलं, आणि ते असं चिकटलं की पाकिटांवरही लोक तेच लिहू लागले. पण या दोन ओळी काही केल्या त्यांच्या हातून उतरत नव्हत्या.

मुळात घडलं ते असं. फ्रेमवाला, म्हणजे त्या बाईंचा नवरा, जुनं गिऱ्हाईक. मोठा माल उचलला की पुढच्या तारखांचे चार चेक एकदम लिहून द्यायचा. पहिले दोन ठरल्या दिवशी वटले. तिसरा परत आला. चेक परत आला की बँक सोबत एक चिठ्ठी लावते. तिच्यावर कारणांची छापील यादी असते आणि लागू कारणापुढे खूण केलेली असते. ग्रंथोबांनी ती चिठ्ठी पाहिली, पण वाचली नाही. इतक्या वर्षांत शंभरातले नव्वद चेक एकाच कारणाने परत आले होते, ते म्हणजे खात्यात खडखडाट. त्यांनी ठरलेलं पत्र काढलं, नाव घातलं, रक्कम घातली. बँकेचा परतीचा आकार, उशिराचं व्याज आणि दुकानाचा पत्रखर्च मिळून नवी रक्कम सात दिवसांत भरावी, असं लिहून सही केली. शेवटी आपल्या मनाने एक वाक्यही जोडलं, 'आपल्याकडून ही अपेक्षा नव्हती.' तेव्हा ते वाक्य त्यांना सौम्य वाटलं होतं.

बाईंचं पत्र आल्यावर त्यांनी फाइल उघडून चिठ्ठी नीट पाहिली. खूण पहिल्या कारणापुढे नव्हतीच. ती पार खाली होती, 'खातेदार मयत' या शब्दांपुढे.

तेव्हापासून ते ठकठक ऐकू येऊ लागलं. फ्रेमवाला काच घेताना प्रत्येक तावाला बोटाच्या पेराने टिचकी मारायचा. अखंड काच खणखणीत बोले, तडा गेलेली बद्द वाजे. मग तो हसून म्हणायचा, "माणसालाही अशी टिचकी मारून बघता आली असती, तर माझी उधारी कमी झाली असती." आता दुपारच्या शांततेत मागच्या काचांच्या रांगेतून तसाच आवाज येई. ग्रंथोबा वळून बघत. तिथे त्यांचंच प्रतिबिंब असे, एकामागे एक ताव उभे असल्यामुळे चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी थोडं मागे सरकलेलं. सगळ्यात मागचं आपलंच आहे की नाही, याची त्यांना खात्री वाटत नसे.

"काय ग्रंथोबा, भूत बघितलंत काय?" मुकादम म्हणाला.

"काच वाजली."

"काच वाजत नाही, उंदीर वाजवतो. पुस्तकं कमी वाचा. डोक्यात उंदीर शिरलेत तुमच्या."

एकदा फोन वाजला आणि तो नेमका त्यांनीच उचलला.

"मी फ्रेमवाल्यांच्या घरून बोलतेय," आवाज दमलेला होता. "मी एक पत्र पाठवलं होतं. मिळालं का?"

ग्रंथोबांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. 'मिळालं' एवढा एक शब्द. "ते... पत्रं बघणारे आज आलेले नाहीत," ते म्हणाले.

"आले की सांगाल का? घाईचं नाही म्हणावं." जरा थांबून बाई म्हणाल्या, "म्हणजे, घाईचंच आहे. दीर दुकान विकायचं म्हणतात. डोक्यावर कर्ज आहे असं धरून चाललेत सगळे. मला फक्त माहीत हवंय. हे असे नव्हते हो."

"सांगतो," ग्रंथोबा म्हणाले आणि फोन ठेवून बराच वेळ स्वतःच्या खुर्चीकडे बघत राहिले. पत्रं बघणारा माणूस खरंच आलेला नसावा असं त्यांना वाटलं.

कच्चे मसुदे काही कमी झाले नाहीत. एक फार कोरडा झाला, एक फार ओला. त्यांना लिहायचं होतं, 'खात्यात पैसे होते.' पण ते त्यांना कुठे ठाऊक होतं? बँक कारण कळवते, शिल्लक कळवत नाही. एकदा न बघता लिहिलं, आता बघितल्याशिवाय पुन्हा कसं लिहायचं? आणि खरं तेवढंच लिहायचं तर त्यात आणखी एक काटा होता. नवरा गेल्याचं बँकेला कळवलं कुणी? बहुधा त्या बाईंनीच. त्यांनी कळवलं म्हणून बँकेने खातं थांबवलं, म्हणून चेक परत आला. त्यांना हे सांगायचं कसं? नवऱ्याचं नाव धुऊन काढताना ओरखडा त्यांच्याच हातावर उठायचा. भित्र्या माणसाला गप्प बसायला एवढं कारण पुरतं. ग्रंथोबा गप्प बसले.

गप्प बसणं थांबलं ते चौथ्या चेकमुळे. महिनाअखेरीस बँकेत भरायचे चेक काढताना तो वर आला. तारीख दुसऱ्या दिवसाची होती. फ्रेमवाल्याचं अक्षर सुतारासारखं, मोजूनमापून घातलेलं. अक्षरी रकमेनंतर 'फक्त', आणि पुढच्या मोकळ्या जागेत कुणी काही घुसडू नये म्हणून सरळ रेघ. जो माणूस आज नाही, त्याने उद्याची तारीख घातली होती. उद्या हा चेक भरला की तोही परत येणार, बँक पुन्हा आकार कापणार आणि ठरलेलं पत्र पुन्हा त्याच दारात जाणार. मागच्या काचांत काहीतरी वाजलं. बद्द वाजलं.

ते उठले आणि चेक घेऊन मालकीणबाईंच्या खोलीत गेले. थोरल्या मालकांची ही मुलगी. परकरात असल्यापासून त्यांना काका म्हणायची, आणि हिशेबात काकांनाही सोडायची नाही.

"बाई, हा चेक भरू नये."

"का? उद्याचा आहे ना?"

"सही करणारे वारलेत. तिसरा त्याच कारणाने परत आला होता. मी मात्र त्यांच्या घरी लिहिलं, की खात्यात पैसे नव्हते."

बाईंनी चष्मा काढला. "चिठ्ठीवर कारण नव्हतं?"

"होतं. मी वाचलं नाही."

"कमाल आहे काका! एवढाली पुस्तकं वाचता, आणि एक चिठ्ठी वाचली नाहीत?"

ग्रंथोबांनी चेक मेजावर ठेवला. मग न विचारताच त्यांनी सगळं सांगून टाकलं: पत्र, फोन, दीर, दुकान. इतकं सलग ते वर्षभरात बोलले नव्हते.

बाईंनी चेक उचलून पाहिला. "हे बघा. मालाचे पैसे मी सोडणार नाही. माल आभाळातून पडला नव्हता."

"नाही, सोडायचे नाहीतच. ते त्यांच्या घरून येणं आहे. फक्त मागायचे कसे..."

"व्याज काढा. माणूस गेल्यावर उशीर कसला मोजता? पत्रखर्च तर काढाच, तसलं पत्र पाठवून वर खर्च मागायला तोंड आहे का आपल्याला? बँकेने कापलेला आकार... तो खरा कापलाय ना?"

"खरा. पावती आहे."

"तो दुकान सोसेल. आणि घरच्यांच्या हातात खात्यातले पैसे पडेपर्यंत तगादा नाही. पण कागदावर नीट लिहा, नाहीतर तो दीर उद्या म्हणेल सगळंच माफ झालं." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "आणि काका, आजच लिहा. उद्या तुम्हाला परत शब्द सापडायचे नाहीत."

त्या दुपारी पुस्तक उघडलं गेलं नाही. ग्रंथोबांनी छापील मजकूर बाजूला सारला आणि हाताने लिहायला घेतलं.

'आमच्या आधीच्या पत्रातलं कारण चुकीचं होतं. ती चूक माझी. बँकेच्या चिठ्ठीची नक्कल सोबत आहे. खातेदार हयात नसल्यामुळे चेक परत आला एवढंच तिच्यात आहे. बँक आम्हाला शिल्लक सांगत नाही, त्यामुळे ती मी सांगू शकत नाही. ती तुमच्या पासबुकात आहे, आणि पासबुकावर विश्वास ठेवायला हरकत नाही. आधीचे दोन चेक ठरल्या दिवशी वटले. त्यांनी काही लपवल्याची कसलीही खूण आमच्या कागदांत नाही.'

इथे ते बराच वेळ अडले. मग लिहिलं, 'खातेदार गेल्याचं कळलं की बँकेला चेक थांबवावाच लागतो. ते आज ना उद्या कुणीतरी कळवणारच होतं, आणि कळवायलाच हवं होतं.' ही ओळ त्यांनी तीनदा वाचली. तिच्यात ओरखडा आहे की नाही ते त्यांना ठरवता येईना. तशीच राहू दिली.

पुढचं हिशेबाचं होतं, ते सोपं गेलं. दोन चेकांच्या मालाचे पैसे येणं आहे. खात्याचं काम झालं की तुमच्या सहीचा चेक द्यावा किंवा सोयीने थोडे थोडे भरावेत. आधी लावलेलं व्याज आणि पत्रखर्च रद्द. बँकेचा परतीचा आकार दुकानाने सोसला. चौथा चेक बँकेत भरणार नाही; आडवी रेघ मारून सोबत परत पाठवत आहोत. 'आपल्याकडून ही अपेक्षा नव्हती, हे वाक्य मी मागे घेतो. तुमच्या दिरांना हे पत्र जरूर दाखवावं.'

सही करताना त्यांनी 'दुकानाकरिता' हा शिक्का वापरला, आणि खाली आपलं पूर्ण नावही लिहिलं. दुकानात ते नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

"कुठे निघालात?" दारात मुकादमाने विचारलं. "द्या इकडे, जाता जाता टाकतो."

"नको. मीच जातो."

"अरे वा! ग्रंथोबा उन्हात? छत्री तरी न्या, वितळाल."

टपालपेटी कोपऱ्यावरच होती. पेटीच्या तोंडाशी पाकीट अर्धं आत गेल्यावर ग्रंथोबांचा हात थांबला. 'पासबुकावर विश्वास ठेवायला हरकत नाही' हे जरा शहाणपण शिकवल्यासारखं वाटेल का? 'कळवायलाच हवं होतं' त्यांना लागेल का? अजून वेळ होता. नवं पाकीट आणून...

"आजोबा, टाकताय की मी टाकू आधी?" मागे एक बाई हातात पाकिटांचा गठ्ठा घेऊन खोळंबली होती.

"टाकतो," ग्रंथोबा म्हणाले आणि पाकीट सोडलं. बोटं तिथेच थोडा वेळ उघडी राहिली. आता त्यातला एक शब्दही बदलता येणार नव्हता. बाजूला सरून त्यांनी त्या बाईला वाट करून दिली.