सोमवारचे सुळके

आमच्या विज्ञानाच्या बाईंचा एकच नियम होता: जो मनाने आकडा भरेल, तो प्रकल्पातून बाहेर. तापमान मोजणाऱ्या जोडीने घरबसल्या आकडे भरले, तेव्हा बाईंनी त्यांची वही शांतपणे मिटली आणि ते दोघे विज्ञान प्रदर्शनातून बाद झाले. त्यामुळे शाळेच्या गच्चीवरचं पर्जन्यमापक आम्ही डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. रोज सकाळी शाळा भरण्याआधी पाणी मोजायचं, आकडा लिहायचा, भांडं रिकामं करायचं.

आम्ही म्हणजे मी आणि काटकोन. तिच्या रेघा इतक्या नेटक्या की हे नाव तिला वर्गानेच ठेवलं. आलेख तिचा, अहवालातला परिच्छेद माझा, कारण माझी जीभ चालते आणि तिची पट्टी.

अहवाल द्यायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो होतो. मी झोकात लिहिलं होतं, ‘सर्वांत जास्त पाऊस सोमवारी पडतो.’ रेघ खरंच दर सोमवारी सुळक्यासारखी वर जात होती. बाबा पाणी प्यायला आले आणि आलेखावर वाकले.

“पावसालाही रविवारची सुट्टी असते वाटतं?”

“बाबा, मध्ये मध्ये करू नका ना!”

“अगं, मामाकडून आलो तो रविवार आठवतो का? आपण नखशिखांत भिजलो होतो. इथे तर शून्य आहे.”

मी काटकोनकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला.

“शाळा बंद असायची,” ती म्हणाली. “शनिवार-रविवारच्या जागा कोऱ्या होत्या. तू म्हणालीस, वही कोरी बरी दिसत नाही. मग मी शून्यं भरली.”

म्हणजे शुक्रवारी सकाळी भांडं रिकामं केल्यापासूनचं सगळं पाणी सोमवारी एकदम मोजलं जात होतं. सुळके पावसाचे नव्हतेच, आमच्या सुट्टीचे होते. आणि ती शून्यं म्हणजे मनाने भरलेले आकडेच. वहीत अक्षर काटकोनचं होतं.

“आपण काहीच बोलायला नको,” मी म्हणाले. “कुणाच्या बापाला कळणार आहे?”

“तुझ्या बापाला कळलं,” बाबा म्हणाले आणि आमच्यासाठी दूध तापवायला ठेवलं.

काटकोन हसली नाही. तिने नवा आलेखकागद पुढे ओढला. “बेरजा तरी खऱ्या आहेत. मंगळवार ते सोमवार असा आठवडा धरला की सुट्टीचं पाणी त्याच आठवड्यात येतं. मी आठवड्यांचा आलेख काढते, तू खरं काय ते लिही.”

“तुला काढून टाकतील.”

“टाकू देत. लिही तू.”

मग मी लिहिलं:

‘या रेषालेखात आडव्या अक्षावर आठवडे आणि उभ्या अक्षावर आठवड्याचा एकूण पाऊस मिलिमीटरमध्ये दाखवला आहे. पहिल्या आठवड्यात १८ मिमी पाऊस झाला. त्यानंतर तो दर आठवड्याला वाढत जाऊन सहाव्या आठवड्यात ९६ मिमी झाला. पुढे तो कमी होत दहाव्या आठवड्यात २२ मिमीवर आला. मात्र शनिवारी व रविवारी मोजणी झाली नाही. त्या दिवसांचे शून्य आकडे आम्ही चुकीने भरले होते, ते रद्द केले आहेत. तो पाऊस सोमवारच्या आकड्यात आला आहे. म्हणून या नोंदींवरून सर्वांत जास्त पावसाचा दिवस सांगता येणार नाही.’

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत बाईंनी परिच्छेद वाचला, पुन्हा वाचला, मग वही उघडली.

“शून्यं कुणी भरली?”

“आम्ही,” मी म्हणाले.

“अक्षर एकीचंच आहे.”

“माझं आहे, बाई,” काटकोन म्हणाली.

“पण वही भरलेली दिसायला हवी, हे मीच म्हणाले होते,” मी घाईघाईने म्हणाले. “काढायचं तर मलाही काढा.”

बाईंनी लाल पेन उचललं. त्यांनी वहीतल्या पहिल्या दोन-तीन शून्यांवर रेघा मारल्या आणि बाजूला ‘मोजले नाही’ असं लिहिलं. मग पेन काटकोनपुढे धरलं.

“उरलेली तू कर. आणि संध्याकाळपर्यंत दोघी मिळून प्रदर्शनात तक्ता लावा. परिच्छेद आहे तसाच राहू दे, एक शब्द बदलायचा नाही.”

काटकोनने पट्टी न लावताच पहिली रेघ मारली आणि ती वाकडी गेली. बाईंचे आभार मानायचं मला सुचलंच नाही. बाबांचेही मानायचे राहिलेच होते. मी नुसती काटकोनला चिकटून उभी राहिले आणि तिने मारलेल्या वाकड्या रेघा मनापासून पाहत राहिले.