पुसून टाकलेलं तेल

हिमानीने राजा पार्कच्या बाजारातून बिडाचा नवा तवा आणला तो सासऱ्यांसाठीच. कुडाळहून आलेल्या मनोहररावांनी जयपुरातली कचोरी आवडीने खाल्ली होती, पण सकाळी उठलं की ते हळूच विचारत, "घावन नाही का गं होत इकडे?" आज दुपारच्या गाडीने ते परत निघणार होते. जायच्या आधी एक तरी अख्खं घावन त्यांच्या ताटात पडावं, एवढंच तिच्या मनात होतं.

कालचं घावन मात्र तव्यावरून खरवडूनच काढावं लागलं होतं.

"सूनबाई, उपमा छान झालाय," मनोहरराव गंभीर चेहऱ्याने म्हणाले होते. नवरा कैवल्य हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला.

हिमानी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. नवा तवा मुरवायला म्हणून तिने तो धुतला होता, तापवला होता आणि वर सढळ हाताने मोहरीचं तेल ओतलं होतं. आज सकाळी तिने तव्यावर बोट फिरवलं. ते चिकटलं. मधाला लागावं तसं.

"अरे देवा!" ती स्वतःशीच म्हणाली. जाड तेलाचा थर वरून सुकला होता, आत कच्चाच होता. रंगाचा जाड हात दिला की असंच होतं, हे ती दरवर्षी वर्गात सांगत होती!

"बाहेरून मागवू का काही?" कैवल्य दारातून डोकावला.

"तू आंघोळीला जा."

तिने साबण आणि तारेच्या घासणीने तो चिकट थर पार काढला, तवा आचेवर कोरडा केला. मग चिंधीवर चार थेंब तेल घेऊन सगळीकडे चोळलं आणि कोरड्या कापडाने असं पुसलं, जणू लावलंच नव्हतं. तवा धुरावला, धूर थांबला, गार झाला. पुन्हा तेच. पुन्हा तेच. स्वयंपाकघराच्या खिडक्या सताड उघड्या होत्या, तरी मनोहरराव खोकत आत आले.

"होम चाललाय का?"

"बसा बाबा. तवा काळा होतोय बघा."

खरंच, करडा तवा आता काळाभोर, मऊसर दिसत होता. हात लावला तर कोरडा.

तिने तवा पुन्हा तापवला. पाण्याचा शिपका मारला, थेंब नाचत पळाले. आच जरा कमी करून अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवला. पीठ तळापासून ढवळलं, वाटीने कडेकडेने ओतलं, झाकण ठेवलं. उलथनं हातात घ्यायचा मोह झाला, पण तिने हात मागे बांधले.

पहिल्याची कड फाटली.

"पहिलं घावन तव्याचं," मनोहरराव म्हणाले. "आमच्याकडे ते मोजत नाहीत."

दुसऱ्याच्या कडा आपणहून सुटल्या. जाळीदार, पांढरंशुभ्र घावन उलथन्यावर अलगद चढलं आणि अख्खंच्या अख्खं ताटात उतरलं. मनोहररावांनी एक घास खाल्ला. मग बघता बघता सगळं संपवलं. रिकामं ताट तिच्यापुढे सरकवलं.

"बाबा, गाडी आहे!" कैवल्य घड्याळ दाखवत म्हणाला.

"आहे ना. दुपारी आहे. हिमानी, पीठ किती उरलंय?"