चाळीस अक्षरांत बसेल तेवढं

मेंढीकोटच्या डावाला चार माणसं लागतात.

«सरस्वती यांना आत सोडलं. संचिता यांनाही क…»

खोपटच्या डेपोसमोर चहावाला कपाला झाकण लावून देतो, न मागता.

“माणूस गेटवर बसून घरात डोकावतो, याला काय म्हणायचं?”

मशीनच्या हिशेबात काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त सगळे वेगळे धरले जातात. ‘सरस्वती’ डोळ्यांना चार, मशीनला सात.

विषय: सुरक्षारक्षक रघु यांची बदली करणेबाबत.

*

यातला ‘सुरक्षारक्षक रघु’ हा कल्याणच्या एका सोसायटीच्या गेटवर बसतो. वय पन्नाशीचं, राहतो टिटवाळ्याला. अर्ज लिहिला दामाजींनी, आणि घरात डोकावतो असं म्हणतात तेही तेच. ते त्याच सोसायटीत, बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. एसटीत कंट्रोलर होते, त्यामुळे अर्ज लिहिण्याचा हात चांगला. त्यांची मुलगी संचिता ठाण्यात, खोपटला एका कंपनीत काम करते. कंपनीचं ‘चौकट’ नावाचं ॲप आहे. सोसायटीच्या गेटवर कोणी आलं की घरमालकाच्या फोनवर सूचना जाते. ती सूचना संचिता लिहिते.

सूचना लिहिणं म्हणजे काय, हे दामाजींना तिने एकदा सांगितलं होतं.

“एवढ्याशा ओळीला पगार देतात?”

“ओळ छोटी असते म्हणूनच देतात, बाबा.”

*

संचिताच्या टेबलावर चिकटवलेले नियम, तिच्याच अक्षरात:

कामाचा शब्द आधी. कापलं जातं ते शेवटून.

हाक मारू नकोस, टोचू नकोस. ‘विसरलात का’ नाही. ‘लगेच उघडा’ नाही.

माणूस बाई की पुरुष, ते ॲपला माहीत नसतं. म्हणून ‘आले’ नाही, ‘आल्या’ नाही. ‘यांना आत सोडलं’.

स्वस्तातल्या फोनवर कुलूप लावलेल्या पडद्यावर चाळीसच्या आसपास दिसतात. तेवढ्यात उरकायचं. प्रत्येक नावाला बारा धरायची, नावं लांब असतात.

एका गोष्टीसाठी दोनदा वाजवायचं नाही. लोक वैतागतात, सूचनाच बंद करतात, मग पाहुणा गेटवर उभा राहतो.

*

गुरुवारी दुपारी दामाजींचा फोन आला. ते सहसा स्वतःहून करत नाहीत.

“मी त्याचा बंदोबस्त केलाय.”

“कोणाचा?”

“रघुचा. तो वॉचमन. तुला खबरा देतो ना?”

संचिताने हातातला कप खाली ठेवला. “मला? मला कोण खबरा देतंय?”

“मग तुला कसं कळतं ग? सरस्वती घरात चप्पल काढते न काढते, तोवर तुझा फोन. ‘बाबा, कोण आलंय?’ चिराग आला की फोन. मागल्या आठवड्यात गॅसवाला आला, तरी फोन. मी काय चोर आहे? रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. सेक्रेटरीला अर्ज दिलाय. एजन्सी त्याला दुसरीकडे टाकेल, अंबरनाथला म्हणतायत.”

“बाबा, त्याने काही केलेलं नाही.”

“तुला कसं माहीत?”

दामाजींनी फोन ठेवला.

*

बी-३०२ च्या खात्यात दोन नंबर होते. एक दामाजींचा. दुसरा संचिताचा, ‘फक्त माहितीसाठी’. वडिलांचा फोन सुरू करून देताना तो तिनेच घातला होता. गेटवर कोणी आलं की दामाजींना विचारणा जाते, ते ‘हो’ दाबतात, मग दोघांनाही एकच ओळ जाते.

«सरस्वती यांना आत सोडलं.»

दुसऱ्यालाही गेली, हे त्या ओळीत नाही.

*

होतं. पहिल्या मसुद्यात होतं. तो अजून फाइलमध्ये आहे, बाजूला मितेशच्या शेऱ्यासकट. मितेश ॲपचं बाकी सगळं बघतो.

«[पाहुणा] यांना आत सोडलं. [नातेवाईक] यांनाही कळवलं.»

मितेश: नावांना बारा-बारा धरली की छप्पन्न. ‘संचिता यांनाही क’ वर कापलं जाईल. क म्हणजे काय? लोक घाबरतील, यार. दुसरं वाक्य उडव.

संचिता: उडवलं.

मसुदा आणि ‘उडवलं’ यांच्यात फार वेळ गेलेला नव्हता. एरवी ती एका स्वल्पविरामासाठी मितेशशी अर्धी दुपार भांडायची. हे तिला आत्ता, गुरुवारी, फाइल उघडल्यावर दिसलं. मर्यादेमुळे उडवलं की सोयीचं होतं म्हणून? तिने फाइल बंद केली. पुन्हा उघडली.

*

“ते दुसरं वाक्य परत आणायचंय,” ती मितेशला म्हणाली.

“कोणतं?”

“दुसऱ्या नंबरला कळवलंय ते.”

मितेशने खुर्ची तिच्याकडे फिरवली. “कशाला? कोणी तक्रार केली?”

“नाही.”

“मग? घरचं काही झालंय का?”

“तू काय पोलीस आहेस?”

“अगं, विचारतोय. तूच म्हणालेलीस ना, टोचायचं नाही म्हणून? दरवेळी ‘अमक्याला कळवलं, तमक्याला कळवलं’. लोक म्हणतील, बरं बाबा, कळलं. सूचना बंद.”

“वेगळी सूचना नाही जाणार. जी जाते, त्यातच. एकदाच वाजेल.”

“चाळिसात बसव. मग बघू.”

ती बसली. ‘यांना’ गेलं. ‘सोडलं’ गेलं. ‘यांनाही’ गेलं. शेवटी उरलं:

«आत: [पाहुणा]. कळवलं: [नातेवाईक]»

बारा-बारा धरून सदतीस. पुरुष-बाईचा प्रश्नच नाही.

मितेशने वाचलं. “पोलीस ठाण्याच्या डायरीसारखं वाटतं.”

“हं.”

“आणि आधी सुचलं नव्हतं हे तुला? एवढी तू हुशार.”

तिने ओळ फाइलमध्ये टाकली. मितेशने ती पुन्हा वाचली. मग म्हणाला, “सगळ्यांना नाही सोडणार. आधी चाचणीच्या यादीतले नंबर. यादीत कोण घालायचं ते तू ठरव.” आणि खुर्ची परत वळवली. कोणाचा नंबर जाणार, हे त्याने ओळखलं होतं असं तिला वाटलं. किंवा नव्हतं.

*

रविवार. मीटिंग संध्याकाळी होती, ती दुपारीच पोचली. गेटवर रघुने तिला नीट बघून घेतलं. मशीनवर नाव घालण्याआधी त्याने विचारलं.

“तुम्ही साहेबांच्या मुलगी ना?”

“हो.”

“माझ्याकडे तुमचा नंबरच नाय, मॅडम.” घरच्यांची नोंद करत नाहीत म्हणून त्याने मशीन बाजूला ठेवलं आणि आवाज खाली आणला. “साहेबांना सांगा एवढं. मी सगळ्यांना सांगून बघितलं. सेक्रेटरी म्हणतात, आग असल्याशिवाय साहेब कशाला लिहितील.”

“मी सांगायलाच आलेय.”

रघुने मान हलवली, पण विश्वास ठेवल्यासारखी नाही.

*

“ॲप सांगतं? मला खुळा समजतेस?” दामाजी म्हणाले.

“मीच माझा नंबर घातला होता. तुमचा फोन घेतला तेव्हा.”

“दाखव कुठं लिहिलंय.” त्यांनी फोन पुढे केला. जुन्या सूचना एकाखाली एक. «चिराग यांना आत सोडलं.» «सरस्वती यांना आत सोडलं.» “तूच लिहितेस ना हे? यात तू कुठं आहेस?”

“नाहीये. लिहिलं नव्हतं.”

“म्हणजे तुझंच ॲप तुझं नाव सांगत नाही, आणि तू म्हणतेस मान्य करा.” ते हसले, पण नीट नाही. “गेटवर भेटला ना तो तुला? काय म्हणाला? पोराबाळांचं सांगितलं असेल. तू त्याच्यासाठी खोटं बोलतेस.”

“बाबा, मी तुमच्याशी कशाला खोटं बोलू?”

“तेच तर मी बघतोय.”

तिने पुढे काही बोलून उपयोग नव्हता. ती खुर्चीत बसली. टीपॉयवर मेंढीकोटसाठी पत्त्यांचा जोड पिसून ठेवलेला होता आणि चार वाट्यांत चिवडा. चौथी कोणाची, हे तिला कळेना. सरस्वती आणि चिराग, दोनच नावं तिला सूचनांत येत होती. बाबा धरून तीन.

“चौथा कोण असतो?”

“विठ्ठल. तळमजल्यावरचा.” दामाजींनी तिच्याकडे रोखून पाहिलं. “तो गेटातून येत नाही. म्हणून तुझ्या रघुला सांगता आलं नाही वाटतं.”

*

फोन वाजला. विचारणा. दामाजींनी ‘हो’ दाबलं.

मग दोन्ही फोन एकदम वाजले. तिचा पर्समध्ये, त्यांचा हातात.

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

«आत: सरस्वती. कळवलं: संचिता»

त्यांनी ते एकदा वाचलं. मग तिच्या पर्सकडे पाहिलं, जिच्यातून अजून उजेड येत होता. मग पुन्हा फोनकडे.

“हे आज आलं.”

“आजपासून सुरू झालं.”

“आणि आधी?”

“आधीही मला येत होतं. तुम्हाला सांगितलं जात नव्हतं.”

“का?”

तिच्याजवळ चाळीसचं उत्तर तयार होतं. छप्पन्न, बारा-बारा, क वर कापलं जाणं, सगळं खरं.

“मला कळत राहावं म्हणून,” ती म्हणाली.

दामाजी उठले. कपाटातून कागद काढला, त्यावर दोन ओळी लिहिल्या, सही केली. अर्ज मागे घेत आहे. कारण लिहिलं नाही. कागद तिच्या हातात दिला.

“जाताना सेक्रेटरीला दे. आणि रघुला तूच सांग. मी सांगेन ते त्याला खरं वाटणार नाही.”

“बरं.”

“आता तुझं नाव काढ यातून.”

“बाबा, काही झालं तर…”

“काही झालं तर मी फोन करीन. नंबर पाठ आहे मला.” ते थांबले. “काढ. माझ्यासमोर.”

तिने त्यांचा फोन घेतला. कुटुंबातले नंबर. संचिता. काढून टाका. ॲपने विचारलं: «संचिता यांना यापुढे कळणार नाही. काढायचं?» हीदेखील तिचीच ओळ होती, आणि ती चांगली लिहिली गेली होती.

तिने ‘हो’ दाबलं.

दारात सरस्वतीबाई उभ्या होत्या, डोक्यावरचा पदर नीट करत. “मुलगी वाटतं? बसा ना तुम्हीपण. पण पाचवा हात नसतो हं याच्यात.”

“नाही, मी निघतेच आहे.”

चिराग खाली स्कूटर लावत होता. दामाजींचा फोन वाजला, त्यांनी ‘हो’ दाबलं. पुन्हा वाजला. या वेळी एकटाच. त्यांनी वाचलं, आणि फोन पालथा न घालता टीपॉयवर ठेवला, तिला दिसेल असा.

«आत: चिराग.»

तिने चपला घातल्या. जिन्यात चिराग तिला ओलांडून वर गेला, ओळख नसल्याने काही बोलला नाही. पर्समधला फोन शांत होता. तरी तिने तो एकदा काढून बघितला.

*

गेटवर मशीन बसवलं त्या दिवशी रघुने शिकण्यासाठी पहिली नोंद स्वतःच्याच नावाची केली होती, बी-३०२ साठी, आणि दामाजींनी ‘हो’ दाबलं होतं; «रघु यांना आत सोडलं.» ही ओळ तेव्हाच संचितालाही गेली होती.