प्रश्न पाचवा, खोटी सही

बबिता राठोड यवतमाळच्या विधी महाविद्यालयात एकोणीस वर्षं कंपनी कायदा शिकवत होती. एवढ्या काळात मुलांनी तिच्याबद्दल एवढंच शोधून काढलं होतं की बाईंच्या डब्यात रोज दोनच पोळ्या असतात. त्याहून जास्त शोधण्यासारखं काही नव्हतंही. नवरा लग्नाच्या चौथ्या वर्षी गेला, मूलबाळ नाही, आणि दोन खोल्यांच्या घरात शिळं उरू नये म्हणून मोजून कणीक भिजवायची सवय लागलेली. जाण्यासारखं घर एकच उरलं होतं. दारव्ह्याकडच्या तांड्यातलं, धाकट्या भावाचं, संजयचं. अख्खं वर्ष ती भाऊबिजेच्या त्या दोन दिवसांवर काढायची.

सत्र परीक्षेसाठी तिनं काढलेला पाचवा प्रश्न असा होता. एका छोट्या खासगी कंपनीत 'क्ष' या बाईचे शंभर शेअर्स आहेत. 'य' तिची खोटी सही करून ते आपल्या नावावर करायचा अर्ज देतो. कंपनी 'क्ष'ला पत्र पाठवते, की पंधरा दिवसांत हरकत कळवा, नाहीतर संमती समजून नोंद करू. 'क्ष' उत्तर देत नाही आणि कंपनी नोंद करते. दोन वर्षांनी 'क्ष' शेअर्स परत मागते. कंपनी म्हणते, आम्ही विचारलं होतं, तुम्ही गप्प बसलात. कंपनीची जबाबदारी सांगा. दहा गुण.

प्रश्न बेमालूम होता. फक्त 'क्ष' म्हणजे बबिता, 'य' म्हणजे संजय आणि कंपनीचं ते पत्र तिच्या टेबलाच्या खणात होतं. पेपर तपासायला घेतले तेव्हा पंधरापैकी अकरा दिवस गेले होते.

दारव्ह्याच्या त्या कापसाच्या जिनिंग कंपनीत वडील धावजींनी उभी हयात काम केलं आणि शेवटी शेअर्स घेतले ते मुलीच्या नावानं. "शिकली थे पोरगी, कागदपत्र तिलेच समजते," असं सगळ्या तांड्याला सांगत फिरले. शिकलेल्या पोरीला अभिमान वाटला आणि घरी राहिलेल्या पोराला काय वाटलं ते कुणी विचारलं नाही. शेअर्सचं प्रमाणपत्र वडिलांच्या पेटीतच राहिलं, म्हणजे संजयच्या घरी.

पत्रासोबत अर्जाची झेरॉक्स होती. सही तिची आणि हात संजयचा, हे तिनं एका नजरेत ओळखलं. ओळखणार नाही तर काय. वडील गेल्यावर वारसाचे कागद, बँकेचे फॉर्म, कशालाही सही लागली की संजय फोन करायचा आणि कायद्याची ही प्राध्यापिका म्हणायची, "येवढ्यासाठी कुठं येऊ, तूच करून टाक." शेवटच्या अक्षरातून खाली ओढलेली ती उकारासारखी शेपटी त्याचीच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तरी ती गप्प बसली होती, आणि ते कायद्याच्या भरवशावर. खोट्या सहीनं झालेलं हस्तांतर मुळातच शून्य. कंपनीला खऱ्या मालकिणीचं नाव सभासदांच्या नोंदवहीत परत घालावं लागतं, मधल्या काळाचा लाभांश द्यावा लागतो. अर्ज ज्यानं आणला त्याच्याकडून कंपनीनं आपली भरपाई मागावी. आणि नुसतं पत्राला उत्तर दिलं नाही म्हणून मालकिणीचा हक्क जात नाही. तेव्हा आत्ता कशाला बोलायचं? भाऊबीजही राहील आणि हक्कही राहील. एवढा हिशोब जमला होता म्हणून तर तिनं तो प्रश्न घातला. आपलं बरोबर आहे हे चाळीस मुलांच्या अक्षरात वाचायचं होतं तिला.

वाचलंही. सदतीस पेपरांत तेच उत्तर, काहींत तर तिच्याच वर्गातल्या शब्दांत. तिला बरं वाटत गेलं. अडतिसावा पेपर वैष्णवीचा निघाला. झरी जामणीकडून आलेली ही मुलगी मागच्या बाकावर बसायची आणि वर्षभरात तिनं एकही शंका विचारली नव्हती. तिनं सगळं बरोबर लिहून खाली आणखी चार ओळी लिहिल्या होत्या.

"परंतु सही खोटी आहे हे 'क्ष'ला माहीत होते की नाही, हे प्रश्नात दिलेले नाही. माहीत नसेल तर तिचा हक्क शाबूत आहे. माहीत असूनही ती गप्प राहिली, आणि तिच्या गप्प राहण्यावर विसंबून कंपनीचे नुकसान झाले, तर तिला नंतर तोंड उघडता येणार नाही. तेव्हा आधी ही गोष्ट विचारावी लागेल."

बबितानं लाल पेन खाली ठेवला. तिला खरं तर राग आला. हे विबंधाचं, म्हणजे एस्टॉपेलचं, तत्त्व तिनंच शिकवलं होतं, आणि ती एक गोष्ट प्रश्नातून तिनंच गाळली होती, जाणूनबुजून. मग तो राग विरून गेला आणि त्या जागी एवढं एकटेपण आलं की स्टाफरूममधल्या पंख्याचाही आवाज तिला नकोसा झाला. अकरा दिवस ती भाऊबीज आणि हक्क दोन्ही हातात धरून बसली होती, आणि एक सुटणारच होतं.

तिथूनच तिनं फोन लावला.

"संजय, कंपनीचं पत्र आलं मले."

"मंग?"

"सही तू केली."

"पहिल्यांदा केली का बाई? तूच म्हनत होती, करून टाक."

"हे म्हटलं नव्हतं मी. काहून केलं असं?"

"कंपनीच्या सभेले समदे बाचे सोबती बसतात. मी दारात उभा राह्यतो. धावजीचा पोरगा हाय, पन सभासद नाही म्हनतात."

"मागितले असते तर दिले असते रे. अजूनही देतो. नवा फॉर्म आन, मी सही करून देतो."

"मागून घेतलं तर थे तुयं देनं होते," संजय म्हणाला. "मले थे बाच्याकडून पायजे होतं."

बबितानं वैष्णवीचा पेपर बाजूला सरकवला.

"मी कंपनीले लिवून राह्यली," ती शेवटी म्हणाली. "सही माही नाही, नोंद करू नका. येवढंच. पोलिसात नाही जात मी."

"लिव," तो म्हणाला. "लिवासाठीच तर शिकवलं तुले." आणि फोन ठेवला.

पत्र दोन ओळींचं झालं. तिनं ते ईमेलनं पाठवलं आणि वर स्पीड पोस्टानंही. काउंटरवरच्या माणसानं आत काय आहे विचारलं, तेव्हा "कागद" म्हणाली. मग परत येऊन वैष्णवीच्या पाचव्या प्रश्नाला दहापैकी दहा दिले. एवढे गुण तिनं आजवर कुणाला दिले नव्हते. उरलेले पेपर तपासले आणि नमुना उत्तरात ती गाळलेली गोष्ट स्वतःच्या हातानं लिहून घातली.

कंपनीनं अर्ज फेटाळून कागद संजयला परत केल्याचं कळवलं. भाऊबिजेला फोन वाजला नाही. तिनं सवयीनं दोन्ही दिवसांची बॅग भरून ठेवली होती, ती संध्याकाळी रिकामी केली.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात एक जाड लिफाफा आला. आत शेअर्सचं मूळ प्रमाणपत्र होतं, वडिलांच्या पेटीतल्या घड्या पडलेलं. चिठ्ठी नव्हती. तिनं लिफाफा दोनदा झटकून पाहिला. मग पाठीमागे पाठवणाऱ्याच्या जागी लक्ष गेलं. तिथं त्यानं नुसतं नाव लिहिलं नव्हतं, सही केली होती. संजय धावजी राठोड, आणि शेवटी तीच खाली ओढलेली शेपटी.

ती कितीतरी वेळ ती सही पाहत राहिली. इतक्या वर्षांत तिनं भावाच्या हातची फक्त आपलीच सही पाहिली होती.