अप्पांचं सामान इथेच उतरतं

लक्ष द्या.

अप्पांचं प्रत्येक वाक्य असंच सुरू व्हायचं. सगळी नोकरी त्यांनी बसस्थानकाच्या काचेच्या खोलीत माईकसमोर काढली, आणि ती सवय घरीही सुटली नाही. लक्ष द्या, भाजीत मीठ कमी आहे. लक्ष द्या, मी अंघोळीला चाललोय. ते गेले तेव्हा त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट मागे उरली. नोकरीच्या शेवटच्या दिवशी कुणीतरी हौसेने भरून दिलेली. आई, म्हणजे अप्पांची बायको आणि सूनबाईच्या सासूबाई, ती रोज सकाळी लावायच्या आणि संपली की मागे गुंडाळून ठेवायच्या.

लक्ष द्या. ती कॅसेट टेपसकट आईंच्या निळ्या बॅगेत होती, लुगड्यांच्या घडीत. बॅग विमानाच्या पोटात होती. आणि विमान रिकामं झालं होतं.

*

"तू हातात घेऊ दिली नाहीस," आई म्हणाल्या.

"अहो आई, हातातल्या पिशवीत तुमची औषधं, शाल, पाण्याची बाटली. टेपला जागा कुठे होती? बॅग थेट शेवटच्या गावाला, तुमच्या नातवाकडे जाते. मध्ये हात लावायचा नसतो. तुमचा लेकच म्हणाला ना?"

"तो लहानपणी शाळेत दप्तर विसरून यायचा."

सूनबाईला हसू आलं. दवाखान्यात एक्स-रे काढण्याचं तिचं काम. बंद गोष्टींच्या आत काय आहे ते न उघडता सांगायची तिला सवय. पण बॅग कुठे जाणार हे तिने बॅगेकडे न बघताच सांगितलं होतं.

लांब कॉरिडॉर. भर दुपार, तरी उजेडाला रंग नव्हता. पुढे वाट फुटत होती. डावीकडे पाटी: पुढचं विमान. उजवीकडे पाटी: सामान, बाहेर. बरोबरचे सगळे डावीकडे वळले, आणि बघता बघता कॉरिडॉर ओस पडला.

आई फाट्यावर थांबल्या.

"ते इकडे आहेत," त्यांनी उजवीकडे बोट केलं.

"कोण?"

"ऐकू येत नाही तुला?"

सूनबाईला फक्त कुठल्याशा पंख्याची घरघर ऐकू आली. "आई, चला ना. माणसं लांब गेली."

"जाऊ देत. ते बोलावताहेत. मी यांना असं टाकून जाणार नाही."

आता काय करावं? रागवावं तर म्हातारं माणूस, समजवावं तर ऐकणार नाही. सूनबाईने पर्स उघडली. पुरावाच दाखवते, म्हणाली, आणि दोघींचे बोर्डिंग पास बाहेर काढले.

*

पुरावा असा होता.

सूनबाईच्या नावाचे पास दोन: इथपर्यंतचा एक, इथून पुढचा एक. त्यांच्या मागे बॅगेच्या टॅगची छोटी पावती चिकटवलेली. पावतीवर मोठी तीन अक्षरं, शेवटच्या शहराची. म्हणजे तिची बॅग थेट.

आईंच्या नावाचा पास एकच. मागे तशीच पावती, तशीच मोठी तीन अक्षरं.

पण अक्षरं वेगळी. या विमानतळाची. तीच अक्षरं समोरच्या भिंतीवर माणसाएवढ्या आकारात लिहिलेली होती.

सूनबाईने पावती पुन्हा भिंतीशी ताडून बघितली. मग एकेक आठवलं. तिचं तिकीट पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच होतं. आईंचं आधी इथपर्यंतचंच काढलेलं, कारण आई इथे बहिणीकडे राहणार होत्या आणि सूनबाई त्यांना बाहेर बहिणीच्या हाती सोपवून पुढे जाणार होती. बहिणीचं आजारपण निघालं, तो बेत मोडला, आणि नवऱ्याने आईंचं पुढचं तिकीट वेगळं, दुसऱ्या ठिकाणाहून काढलं. विमानं दोघींची तीच. पण आईंची तिकिटं दोन, एकमेकांना न ओळखणारी. निघताना काउंटरवर फक्त पहिलं दाखवलं गेलं. दुसरा पास पुढे मिळेल, असं ती धरून चालली. विचारलंच नाही.

"काय झालं गं?" आई म्हणाल्या.

"बॅग इथेच उतरलीय, आई."

"मग मी काय म्हणत होते?"

*

आईंना बाहेर बहिणीकडे सोडायचं म्हणून दोघींनी इथला व्हिसा काढला होता, तेवढं एक बरं. पासपोर्टवर शिक्का बसला. काचेचं दार सरकलं.

पट्टा फिरत होता.

सगळ्यांच्या बॅगा कधीच निघून गेल्या होत्या. हॉलमध्ये एक माणूस नाही. काळ्या पट्ट्यांच्या पडद्यातून निळी बॅग आली, वळणावर हळू झाली, लांब गेली, पलीकडच्या पडद्यात शिरली. पट्टा फिरत होता. बॅग पुन्हा आली.

आणि या वेळी सूनबाईला ऐकू आलं.

लक्ष द्या. कापडातून येणारा, दबलेला, घोगरा आवाज. उतरणाऱ्या प्रवाशांनी आपलं सामान ताब्यात घ्यावं. पुढे जाणाऱ्यांनी पुन्हा चौकशी करावी. लक्ष

पडदा. आवाज आत गेला.

पट्टा फिरत होता.

"किती ओरडताहेत बघ," आई मायेने म्हणाल्या. "घसा बसेल."

बटण दाबलं गेलं असणार. धक्क्याने. टाकताना. सूनबाईने स्वतःला बजावलं आणि बॅग पुन्हा आली तेव्हा दोन्ही हातांनी ओढून खाली घेतली. हॉल एकदम गप्प झाला.

*

पुढच्या कंपनीचं काउंटर वरच्या मजल्यावर. बंद व्हायला थोडाच वेळ होता. काउंटरवरच्या मुलीने आईंचं दुसरं तिकीट बघितलं, पास छापला.

"बरं झालं आलात. तिकीट वेगळं असलं की बॅग बहुतेक वेळा पुढे जात नाही. इथेच फिरत राहते, मग आम्ही उचलून ठेवतो."

"आणि माझी? एका तिकिटावरची?"

"ती जाते. पण काही देशांत पहिल्या विमानतळावर ती पण घेऊन कस्टममधून न्यावी लागते, टॅग शेवटचा असला तरी. म्हणून टॅग वाचायचा आणि निघतानाच विचारायचं, बॅग मला कुठे घ्यायचीय." तिने नवा टॅग हँडलला गुंडाळला. "आत बॅटरीवर चालणारं काही?"

"टेप आहे. काढूनच घेते."

लुगड्यांच्या घडीतून टेप निघाला. गार होता. मुलीने तो उलटा केला, मागचं झाकण सरकवलं.

"रिकामा आहे. ठीक."

सूनबाई बघत राहिली. बॅटऱ्यांची जागा रिकामी होती. रिकामी असणारच. निघायच्या आदल्या दिवशी तिनेच सेल काढून पर्समध्ये टाकले होते. तिने पर्समध्ये हात घातला. सेल होते, रबराने बांधलेले.

बॅग आत गेली. तिने नव्या टॅगवरची अक्षरं वाचली. मग परत वाचली. शेवटचं शहर.

*

पुढच्या विमानाच्या दारापाशी बसल्यावर आईंनी टेप मांडीवर घेतला.

"लावू का, आई? सेल आहेत माझ्याकडे." आपण हे का विचारलं, ते तिला कळेना.

"आता नको. बोलून बोलून दमलेत. नातवाकडे पोचेपर्यंत झोपू दे." आणि आईंचाही डोळा लागला.

सूनबाईने हळूच टेपचं झाकण उघडलं. भरताना कॅसेट मागे गुंडाळलेली होती. आईंचा तो नेम कधी चुकला नव्हता. आता सगळी फीत दुसऱ्या चाकावर होती. शेवटपर्यंत वाजून संपलेली.

नातवाला पहिल्यापासून ऐकवायला हवं. तिने कॅसेट बाहेर काढली, पर्समधलं पेन चाकाच्या दातांत अडकवलं आणि फिरवू लागली. फीत सरकत होती, पण सहज नाही. पलीकडून कुणीतरी हलक्या हाताने धरून ठेवलं असावं, तशी.

"सोडा, अप्पा," ती पुटपुटली. "घेतलंय सामान ताब्यात."

पेन मोकळं फिरलं.